आज कुठल्या घरात झोपायचं?

आई, ईराला झोपवताना वाचायला ही गोष्ट लिहून पाठवतेय. आधी मराठीतली वाच. ती तिला तोंडपाठ झाली की मग खालची इंग्लिश. "मला कुठे येतं इंग्लिश" म्हणू नकोस, सगळं देवनागरीतच लिहिलंय. 'हूप' आलं की तिच्या पोटाला हात लाव, पण हळूच. एकदा हसायला लागली की मग झोपायची नाही.

मराठीत

भीमाशंकरच्या जंगलात एक शेकरू आई राहायची आणि तिचं एक पिल्लू. शेकरू माहितीये ना? खारीची मोठी बहीण. मोठी म्हणजे केवढी? मांजराएवढी! पाठ तांबूस, पोट पिवळसर. आणि शेपटी तर अशी झुबकेदार, की पिल्लाचं नावच पडलं झुबकी.

एकदा काय झालं, दिवसभर पाऊस पडला आणि संध्याकाळी थांबला. आई म्हणाली, "झुबके, चल झोपायला."

"कुठल्या घरात?"

आता तू म्हणशील, कुठल्या घरात म्हणजे काय? घर तर एकच असतं. पण शेकरूचं तसं नसतं बरं का. एकेका शेकरूची कितीतरी घरटी असतात, वेगवेगळ्या झाडांवर. काड्या आणि पानं रचून केलेली, फुटबॉलसारखी गोल.

"आज जांभळीच्या घरात," आई म्हणाली.

ही फांदी, ती फांदी, मार उडी... हूप!

झुबकी आत शिरली. डोळे मिटले. लगेच उघडले.

"आई, मला इथे झोप नाही येत."

"का गं?"

"जांभळांचा वास येतो. मग भूक लागते."

"जीभ दाखव बघू."

झुबकीने जीभ काढली. जांभळी जांभळी! हनुवटीवरही एक मोठा डाग.

"पोट फुटेस्तोवर खाल्लीस की! बरं, चल. आंब्याच्या घरात जाऊ."

ही फांदी, ती फांदी, मार उडी... हूप!

झुबकी आडवी झाली, तोच नाकावर टप्प!

"आई, छप्पर गळतंय."

आईने वर पाहिलं. एक पान खरंच सरकलं होतं. "अगं हो की. चल, हिरड्याच्या घरात."

ही फांदी, ती फांदी, मार उडी... हूप!

"आई, मुंगी!"

"कुठेय?"

"आत्ता होती. गेली."

"कुठे गेली?"

"तिच्या आईकडे. झोपायला."

आईला आलं हसू. "मुंगीसुद्धा झोपायला गेली, आणि तू? चल, आता शेवटचं. उंबराचं घर. तिथे एकही सबब चालणार नाही."

ही फांदी, ती फांदी, मार उडी... हूप!

उंबराच्या घरात पोचेपर्यंत काळोख झाला होता. रातकिडे किर्रर्र करत होते.

"आई," झुबकी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "अंधार आहे." ही काही सबब नव्हती. तिला खरंच भीती वाटत होती.

आईने तिला जवळ घेतलं. "खाली बघ."

खाली एक ओंडका पडला होता. कुजलेला, पावसात चिंब भिजलेला. आणि त्याच्यावर हिरवा हिरवा उजेड!

"आई, दिवा कोणी लावला?"

"कोणीच नाही. पावसाळ्यात ओल्या लाकडात एक बुरशी वाढते ना, ती रात्री चमकते. लाकूड वाळलं की दिवा बंद."

एवढ्यात खोडावर खसफस झालं. दोन डोळे लुकलुकले.

"आई, कोण आलं?"

"उदमांजर. निघालंय रात्रीचं फिरायला."

"ते आपल्या घरात येईल?"

"येऊ तर दे! आपलं घर आहे फांदीच्या अगदी टोकाला. टोक बारीक, उदमांजर जड. मग काय होईल?"

उदमांजराने फांदीवर एक पाऊल टाकलं. फांदी वाकली. दुसरं पाऊल टाकलं. फांदी आणखी वाकली. कर्रर्र! "राहू दे बाई," उदमांजर म्हणालं आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन उंबरं खात बसलं. मचक मचक.

झुबकीची भीती कुठल्या कुठे पळाली.

"आई, उद्या कुठल्या घरात झोपायचं?"

"उद्या पाचवं घर बांधू. काड्या तू आणायच्या."

"किती?"

आई काहीच बोलेना.

"आई, किती काड्या?"

आई कधीच झोपली होती! मग झुबकीने झुबकेदार शेपटी अंगावर ओढली आणि स्वतःच मोजायला लागली. एक... दोन... ती...

इंग्लिशमध्ये

धिस इज झुबकी. झुबकी इज अ बेबी स्क्विरल. अ बिग, बिग स्क्विरल! शी लिव्ह्ज इन द फॉरेस्ट विथ हर मदर. दे हॅव फोर हाउसेस.

इट इज ईव्हनिंग. मदर सेज, "कम, झुबकी. टाइम टु स्लीप."

"इन विच हाउस?" आस्क्स झुबकी.

"इन द जांभूळ ट्री." जंप, जंप, हूप!

"आय कान्ट स्लीप," सेज झुबकी. "आय स्मेल फ्रूट. आय अ‍ॅम हंग्री."

"शो मी युवर टंग," सेज मदर. द टंग इज पर्पल! "यू एट सो मच! कम, लेट्स गो टु द मँगो ट्री." जंप, जंप, हूप!

प्लॉप! वॉटर फॉल्स ऑन झुबकी'ज नोज. "द रूफ इज वेट," सेज झुबकी. सो दे गो टु द हिरडा ट्री. जंप, जंप, हूप!

"मदर, अ‍ॅन अँट!"

"व्हेअर इज इट?"

"इट वेंट होम. टु इट्स मदर. टु स्लीप."

मदर लाफ्स. दे गो टु द लास्ट हाउस, इन द उंबर ट्री. जंप, जंप, हूप!

नाउ इट इज डार्क. "आय अ‍ॅम स्केर्ड," सेज झुबकी.

"लुक डाउन," सेज मदर. झुबकी लुक्स डाउन. देअर इज अ ग्रीन लाइट! द वेट वुड इज शायनिंग.

देन कम्स अ सिव्हेट कॅट. "विल इट कम इन?" आस्क्स झुबकी.

"नो," सेज मदर. "द ब्रांच इज थिन. द कॅट इज हेवी."

वन स्टेप. टू स्टेप्स. द ब्रांच बेंड्स. क्रॅक! "नो, थँक यू," सेज द कॅट, अँड इट गोज अवे.

"व्हेअर विल वी स्लीप टुमॉरो?"

"वी विल मेक अ न्यू हाउस. यू ब्रिंग द स्टिक्स."

"हाउ मेनी?" बट मदर इज स्लीपिंग! सो झुबकी काउंट्स. वन... टू... थ्री...

आता हे ईराला विचार. मराठीत उत्तर दिलं तरी चालेल, पुढच्या वेळी इंग्लिशमध्ये देईल.

हाउ मेनी हाउसेस डू दे हॅव?
व्हाय इज झुबकी'ज टंग पर्पल?
व्हेअर डिड द अँट गो?
व्हाय डिड द कॅट गो अवे?