सईच्या गणिताच्या गुणांचा तपशील मिळण्याबाबत

दि. 3 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. वर्गशिक्षिका,
इयत्ता नववी, तुकडी ब

विषय: सई, हजेरी क्रमांक 27, हिच्या गणिताच्या गुणांची फोड आणि वार्षिक परीक्षेत लागणारे गुण कळवण्याबाबत.

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी सईच्या हाती आलेलं प्रगतिपत्रक आम्ही दोघांनी पाहिलं. बाकीच्या विषयांबद्दल काही विचारायचं नाही. गणितापुढे मात्र ‘आतापर्यंत: 51 टक्के’ एवढंच लिहिलं आहे आणि तो आकडा कसा आला, ते आमच्या लक्षात येत नाही. वार्षिक परीक्षा 10 मार्चला सुरू होते आहे. दहावीला गणिताच्या वरच्या गटात बसायचं तर एकूण 60 टक्के लागतात, हे आपण पालकसभेत सांगितलं होतं. सईला तो गट हवा आहे. म्हणून हे पत्र.

वर्षाच्या सुरुवातीला मिळालेला कागद मी जपून ठेवला आहे. त्याप्रमाणे दोन घटक चाचण्यांना प्रत्येकी 10 टक्के, प्रथम सत्राला 30, अंतर्गत मूल्यमापनाला 10 आणि वार्षिक परीक्षेला 40 टक्के भार आहे. सईचे आमच्याकडे असलेले गुण असे: पहिली घटक चाचणी 20 पैकी 11, प्रथम सत्र 80 पैकी 46, अंतर्गत 20 पैकी 14. दुसऱ्या घटक चाचणीला, म्हणजे 9 डिसेंबरला, ती तापानं घरी होती. डॉक्टरांचा दाखला 12 तारखेला तिनं कार्यालयात दिला होता. प्रगतिपत्रकात त्या चौकटीत नुसती आडवी रेघ आहे. ‘गै.’ही नाही आणि शून्यही नाही. सगळा घोळ त्या रेघेपाशी आहे असं मला वाटतं.

काल दुपारी वही घेऊन बसले. वर दिलेल्या भारानं हिशेब केला आणि चुकलेल्या चाचणीला शून्य धरलं, तर 60 पैकी 29.75, म्हणजे जवळपास 50 टक्के होतात. ती चाचणी बाजूला ठेवली तर 50 पैकी 29.75, म्हणजे 59.5. यातलं कुठलंच 51 नाही. शेवटी भार वगैरे विसरून नुसती बेरीज केली: 11, 0, 46 आणि 14 मिळून 71, भागिले 140. आले 50.7, पूर्णांकात 51! माझा तर्क बरोबर असेल तर प्रगतिपत्रकातला आकडा भार न लावता आणि गैरहजेरीला शून्य देऊन काढलेला आहे. माझी समजूत चुकलीही असेल, म्हणूनच विचारते आहे.

आकडेमोडीची हौस म्हणून हे लिहीत नाही. त्या एका चाचणीचं काय करायचं यावर वार्षिक परीक्षेत किती गुण हवेत ते फार बदलतं. शून्यच धरायचं असेल, तर एकूण 60 होण्यासाठी सईला 80 पैकी 60.5, म्हणजे 61 तरी लागतील. पहिल्या चाचणीचेच गुण दोन्हीकडे धरले, तर 49.5 पुरतील. आणि चुकलेल्या चाचणीचे 10 टक्के वार्षिक परीक्षेला जोडले, तर 48.4, म्हणजे 49. प्रथम सत्रात जिला 46 पडले, तिच्या दृष्टीनं 49 म्हणजे थोडा जोर लावण्याची गोष्ट आहे. 61 म्हणजे वेगळाच डोंगर.

हा हिशेब माझ्याआधी सईनं केला होता, हे मला कालच कळलं. तिच्या कच्च्या वहीच्या मागच्या पानावर ‘61/80’ लिहून त्याला दोनदा गोल केला आहे आणि खाली ‘शक्य नाही’. त्या पानानंतर वही कोरी आहे. गेला आठवडाभर ती गणिताला का बसत नाही, याचं उत्तर मला तिथं मिळालं. तोवर मी तिला मोबाइलवरून बोलत होते.

तेव्हा मॅडम, आपण गणिताच्या सरांशी बोलून एवढं कळवाल का?

पहिलं म्हणजे, दाखला दिलेल्या मुलांच्या चुकलेल्या चाचणीबाबत शाळेचा नियम काय आहे? पुन्हा चाचणी घेत असाल तर सईची कुठल्याही दिवशी यायची तयारी आहे. नियमानं शून्यच असेल तर तेही स्पष्ट सांगा, आम्ही त्यावर हुज्जत घालणार नाही.

दुसरं, अंतर्गतचे 14 कशाकशाचे आहेत? वही, तोंडी आणि उपक्रम असे तीन भाग असतात एवढं सई सांगते. तिनं उपक्रमाची फाइल जानेवारीच्या शेवटी दिली. तिचे गुण यात आले आहेत की यायचे आहेत? या भारानं पाहिलं तर अंतर्गतचा एक गुण आणि वार्षिक परीक्षेतला एक गुण यांची किंमत सारखीच, अर्धा टक्का, होते. त्यामुळे तिथले दोन-तीन गुण बाकी असतील तर तेही मोलाचे आहेत.

तिसरं, प्रथम सत्राच्या 46 गुणांची प्रश्नवार फोड मिळाली तर फार बरं होईल. गुण वाढवून मागायचे नाहीत, पेपर पुन्हा तपासा असंही म्हणणं नाही. सई म्हणते, गुण भूमितीत गेले. मला तिच्या वहीत वेगळंच दिसतं. कंसाबाहेर उणे चिन्ह असलं की तिचा हात घसरतो: −(x − 3) चं ती बिनदिक्कत −x − 3 करते आणि पुढची पाच ओळींची बरोबर रीत वाया जाते. एकाच पानावर मला हे तीनदा सापडलं. पेपरातही असंच झालं असेल, तर पाच आठवडे प्रमेयं घोकण्यापेक्षा कंस सोडवायला लावलेले बरे. उत्तरपत्रिका घरी देता येत नसेल तर शाळेत येऊन पाहीन.

आणि शेवटचं, 59.5 झाले तर ते 60 धरतात का? तसंच एकूण बेरजेखेरीज वार्षिक परीक्षेत वेगळे किमान गुण लागतात का? कागदावर दोन्ही दिसलं नाही.

वर्गात एवढी मुलं, त्यात परीक्षेचे दिवस, आपल्यामागे किती व्याप असेल याची कल्पना आहे. लांबलचक उत्तर नको. डायरीत चार ओळी लिहून दिल्यात तरी चालेल, किंवा येत्या आठवड्यात शाळा सुटल्यावर दहा मिनिटं दिलीत तर मी येईन. बुधवार सोडून कुठलाही दिवस मला जमेल. फक्त 14 तारखेच्या आत कळलं तर हाताशी पुरेसे दिवस राहतील.

एक खासगी विनंती. सईला बोलावून हा आकडा सांगायचा झाला, तर तो वर्गासमोर नको. मी हे पत्र लिहिते आहे हे तिला माहीत आहे. मागच्या पानाचं मी पाहिलं, हे मात्र माहीत नाही.

आपली,
अनघा
(सईची आई)

सोबत: डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत, प्रगतिपत्रकाच्या गणिताच्या पानाची प्रत.