इनव्हॉइस म्हणजे पैसे मिळाले असं नव्हे

शोभामावशी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "अरे, बिल तर व्हॉट्सअॅपवर आलंय, मग पैसे अजून मागतायत कसे?" तेव्हा बसमध्ये होतो, धड सांगता आलं नाही. आता सविस्तर लिहितो. सगळा घोळ कागदांच्या नावांचा आहे.

वास्तुशांतीला द्यायला म्हणून तू अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून ४० टॉवेल सांगितलेस. त्यांनी जे पाठवलं ते इनव्हॉइस. उघडून बघ: वर त्यांचा पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर, सुरुवातीला २७, म्हणजे महाराष्ट्र. खाली ४० नग, दर १८०, एकूण ७,२०० रुपये. त्यावर सीजीएसटी १८० आणि एसजीएसटी १८०. बेरीज ७,५६०. हा कागद एवढंच म्हणतो की माल अमुक आहे आणि तुझ्याकडून इतके येणं आहे. पैसे आले की नाही, याबद्दल तो गप्प असतो. तू २,००० रुपये अॅडव्हान्स आधीच दिले असलेस तरी आकडा ७,५६०च दिसेल. म्हणून तुला वाटलं की ते दोनदा घेतायत. तसं नाहीये, बाकी ५,५६० आहेत.

एखाद्या कागदावर 'प्रोफॉर्मा' लिहिलेलं असेल तर तो नुसता अंदाज समज. पक्का इनव्हॉइस नंतर येतो.

आता बिल. खरं सांगायचं तर इनव्हॉइस आणि बिल ही सख्खी भावंडं. आपण बोलताना दोन्हीला बिलच म्हणतो, त्यात चूक काही नाही. व्यापारी व्यापाऱ्याला उधारीवर माल देतो तिथे इनव्हॉइस हा शब्द जास्त चालतो. किराणा, हॉटेल, महावितरण इथे बिल. लाइटबिलावर भरायची शेवटची तारीख असते आणि बारा आकडी ग्राहक क्रमांक. ऑनलाइन भरताना तो नंबर टाकलास की ग्राहकाचं नाव दिसतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. एक आकडा चुकला की शेजारच्यांचं बिल भरशील, आणि ते कळायला महिना जाईल.

पावतीचं मात्र मनावर घे. पैसे ज्याला मिळाले, त्याने 'मिळाले' म्हणून दिलेला कागद म्हणजे पावती. तू अॅपवर पैसे पाठवलेस की हिरवी बरोबरची खूण येते, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवतेस. ठेव, पण ती पावती नाही. पैसे तुझ्याकडून निघाले एवढं ती सांगते. कारखान्याने ते तुझ्या टॉवेलांपोटी जमा धरले की दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकले, हे त्यांच्या पावतीवरूनच कळणार. स्क्रीनशॉटमधला एकच आकडा कामाचा: बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख. भांडण झालं तर बँक तोच विचारते.

राहिला खातेउतारा, ज्याला स्टेटमेंट म्हणतात. तुझं पासबुक तेच की! तारीख, किती गेले, किती आले, शिल्लक किती. त्यात टॉवेल दिसणार नाहीत, फक्त '२,००० नावे' अशी एक ओळ दिसेल. कधी असंही होतं की पैसे खात्यातून कटतात आणि समोरच्याला पोचतच नाहीत. घाबरून लगेच परत पाठवू नकोस. आधी उतारा बघ. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे यूपीआयने दुकानदाराला केलेला असा व्यवहार फसला तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. उताऱ्यात तेवढीच रक्कम जमा झालेली दिसते. मी एकदा हा धीर धरला नाही. एका दुकानाला तेच पैसे दोनदा गेले आणि एक रक्कम परत मिळवायला तीन चकरा झाल्या.

कारखानासुद्धा असा उतारा देऊ शकतो, त्यांच्या खातेवहीतला. 'माझ्या खात्याचा उतारा पाठवा' म्हण, त्यात ७,५६० नावे, २,००० जमा, बाकी ५,५६० दिसायला हवी. अॅडव्हान्सची ओळच नसेल तर तिथेच घोळ आहे.

तर असं कर. माल घरी उतरला, टॉवेल मोजलेस, मगच ५,५६० पाठव आणि पूर्ण ७,५६० ची पावती माग. खिडकीपाशी तारेला टोचून ठेवतेस ना बिलं? त्यांच्यामागे ज्याची त्याची पावती टोच. पावती नसलेलं बिल तारेवर वेगळं ठेव, मी दिवाळीला आलो की बघतो.

तुझा,
संजू