महेशरावांची दहा मिनिटं

मंडळी, आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाचं जेवण तयार आहे, त्यामुळे फार वेळ बसवून ठेवत नाही. अहो, तुम्ही जरा पुढं येऊन बसा. आणि खिसे चाचपू नका, मोबाईल माझ्या पर्समध्ये आहे. आज कुणाची मोटर जळाली तर ती उद्या बघू.

2015 ला आपलं लग्न झालं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, रिवायंडिंगचं स्वतःचं दुकान म्हणजे बरंय, नवरा वेळेत घरी. मलाही तसंच वाटलेलं. द्राक्षबागेला पाणी द्यायचं असलं की शेतकऱ्याला घड्याळ दिसत नाही, आणि तो दारात उभा राहिला की तुम्हालाही दिसत नाही, हे लग्नानंतर कळलं. "दहा मिनिटांत आलो" म्हणायचं आणि इकडं आमटी तीनदा गरम.

पण मला बोलायचंय ते 2019 च्या ऑगस्टबद्दल. सांगलीत महापूर, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. मी लेकराला घेऊन विट्याला माहेरी, तुम्ही एकटे गावभागात सामान वर चढवत होतात. पाणी उतरल्यावर मी आले तर टीव्ही, फ्रिज, गाद्या, तुमचा लग्नातला सूट, सगळ्याचा नुसता चिखल. माळ्यावर मात्र माझ्या बी.एड.च्या फायली आणि पाठांच्या टाचणवह्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वरून वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेनं करकचून बांधलेल्या. त्या घाईत सुतळी सापडली नव्हती म्हणे! मी म्हटलं, "अहो, निदान टीव्ही तरी उचलायचा." तर म्हणे, "परीक्षा काय टीव्हीची होती?"

ती तार सोडवायला मला पक्कड लागली. आज मी मिरजेला वर्गावर उभी राहते ती त्याच वह्यांवर. हे तुम्हाला आजवर तोंडानं सांगितलं नव्हतं, आज सगळ्यांसमोर सांगते.

आणि मग दुकान. तेही बुडालेलंच. तरी आधी हातात घेतल्या त्या पिठाच्या गिरण्यांच्या मोटरी. उघडायच्या, गाळ धुवायचा, वाळवायच्या, मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, कॉइल गेली असली तर नव्यानं भरायची, वॉर्निश मारायचं. घरभर तो वॉर्निशचा वास, माझं डोकं उठायचं. पैशाचं विचारलं की गिऱ्हाइकाला म्हणायचं, "निवांत द्या हो." त्यातल्या काहींचं निवांत अजून चालूच आहे. मागच्या टेबलावर दोघं का हसतायत, ते मला ठाऊक आहे.

अहो, तुम्ही चिडता, घोरता, ओला टॉवेल पलंगावर टाकता. ते घरी बोलू. आज एवढंच म्हणते, पुढची दहा वर्षंही मला याच माणसाची वाट बघायची आहे.

बरं बरं, ओरडू नका, घेते नाव.

सांगलीच्या हळदीला पेठेत लागते बोली,
महेशरावांच्या दहा मिनिटांत दहा वर्षं गेली!

चला, आता पानावर बसा.