हिंदमाताला पाणी

सव्वानऊ झाले तरी बाबा आले नव्हते. दादरहून लालबागला यायला किती वेळ लागतो? ट्रॅफिक धरूनसुद्धा अर्धा तास. आणि गेले होते चारला, फॉल-पिकोला टाकलेली साडी आणायला.

वैशालीने गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. मघाशी एक सर येऊन गेली होती, अंगणातल्या फरशा चमकत होत्या. फोन नुसता वाजत होता. संदीपला कळवून झालं होतं, शेजारच्या काकूंना दोनदा सांगून झालं होतं. काकूंचं एकच पालुपद, "अगं, बेस्टचा माणूस तो. तेहतीस वर्षं कंडक्टरकी केलेली. तो हरवायचा नाही, दुसऱ्याला घरी पोचवून येईल."

आत ओंकार स्टूल उलटं करून त्यात बसला होता. त्याची रिक्षा. मुलुंडच्या मामाकडे जायचं म्हटलं की पोरगा सायन कधी येतं याची वाट बघायचा, कारण त्याच्या आधी रिक्षा दिसत नाही. आपल्याकडे का नाही, हा प्रश्न त्याने आजोबांना इतक्यांदा विचारला होता की आजोबांनी एकदा वैतागून सांगितलं, "आपल्याकडे लोकांना बसमध्ये बसायची अक्कल आहे म्हणून."

जिन्यात पावलं वाजली. हळू, पण तीच.

"बाबा! अहो, कुठे होतात?"

"आधी पाणी दे," बाबा म्हणाले आणि साडीची पिशवी तिच्या हातात ठेवली. छत्री काखेतच होती, बटण लावलेली. "हिंदमाताला पाणी भरलंय."

वैशालीच्या पोटातला गोळा तिथेच विरघळला. ती चिडली नाही, स्वतःवरच हसली. हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही? मुंबईत पाऊस पडला आणि हिंदमाताला पाणी भरलं, यात विचारायचं काय राहतं!

"गाडी चित्राच्या पुढे हलेना," खुर्चीवर टेकत बाबांनी सुरुवात केली. "ड्रायव्हर नवा पोरगा. मी म्हटलं, बाबा रे, घालू नकोस आत, इंजिनात पाणी जाईल. तास-दीड तास तसेच बसलो. बायका, ऑफिसची माणसं, एक तान्हं मूल, सगळे अडकलेले. शेवटी म्हटलं, चला, चालू या. गुडघ्यापर्यंत पाणी होतं. फुटपाथ कुठला नि रस्ता कुठला, काही कळत नव्हतं. कठड्याला धरून धरून आलो."

"अगंबाई! पाय पुसा आधी." तिने दोरीवरचा टॉवेल ओढून त्यांना दिला.

बाबांनी चपला काढल्या आणि पाय पुसायला घेतले. आधी उजवा, मग डावा. प्रत्येक बोटाची बेचकी नीट पुसली. पाण्यातून आल्यावर बेचक्या पुसायच्याच, नाहीतर चिखल्या होतात, हे ते ओंकारला नेहमी सांगायचे. टॉवेलची घडी घालून त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"आणि फोन?"

"त्या गोंधळात काय ऐकू येतंय? हॉर्न, पंपांचा आवाज. खिशातून काढला असता तर गेलाच असता पाण्यात."

इतक्यात संदीप आला. करी रोडपासून जवळजवळ पळतच आला असावा, शर्ट पाठीला चिकटला होता. बाबा बसलेले दिसले तसा तो दारातच थांबला. धाप लागली होती, आणि आता कोणावर ओरडावं ते त्याला कळत नव्हतं.

"हिंदमाताला अडकले होते," वैशालीनेच सांगितलं.

"हिंदमाताला? तिथे आता टाक्या बांधल्यात ना जमिनीखाली? आणि आमच्या गाड्या तर वेळेवर होत्या."

"रेल्वेचं मला सांगू नकोस," बाबा म्हणाले. आवाज एकदम खणखणीत, गर्दीत 'पुढे चला, पुढे चला' म्हणायचा तो. "टाकी काय, जेवढी आहे तेवढंच पिणार. वरून परळचं येतं, दादरचं येतं, जागा बशीसारखी खोलगट. मी सव्वीस जुलै बघितलाय तिथे, २००५ चा. तुम्ही मला हिंदमाता शिकवू नका."

यावर संदीपकडे उत्तर नव्हतं. बाबांच्या रस्त्यांबद्दल या घरात कधीच कोणी वाद जिंकलेला नाही. तो मोरीत तोंड धुवायला गेला.

वैशालीने पानं घेतली. बाबा आज भुकेले होते. तिसरी भाकरी त्यांनी मागून घेतली, आणि बोलतही होते, एरवी जेवताना तोंड न उघडणारा माणूस. त्या तान्ह्या मुलाबद्दल, त्याच्या आईबद्दल, नव्या ड्रायव्हरबद्दल. ड्रायव्हर सांगलीकडचा निघाला म्हणे. वैशालीला बरं वाटत होतं. सासूबाई गेल्यापासून घरात इतकं बोलणं झालं नव्हतं.

"लोक चांगले असतात गं," वरण ओतून घेत ते म्हणाले. "एका रिक्षावाल्या पोरानं तर हाताला धरून बसवलं, बिस्लेरी आणून दिली. पैसे घेईना. म्हणाला, काका, घरी कोण आहे तुमच्या? म्हटलं, सगळे आहेत. सून आहे, मुलगा आहे, नातू आहे."

कुकरची शिट्टी झाली. वैशाली गॅस बंद करायला उठली.

"मग?" मोरीतून संदीप म्हणाला.

"मग काय? आलो." बाबांनी भाताला आळं केलं. मग ते मोडून पुन्हा केलं. "लोणचं आहे का थोडं?"

जेवणं झाली. भांडी विसळून झाल्यावर वैशालीने खुर्चीवरचा टॉवेल उचलला. तीन दिवस झाले, घरात काही म्हणजे काही वाळत नव्हतं. नॅपकिन, ओंकारची गंजीफ्रॉकं, सगळ्याला तो पावसाळी कुबट वास. हा एवढा एक कोरडा होता. तिने तो नाकाला लावून पाहिला आणि सकाळी ओंकारच्या आंघोळीला होईल म्हणून वेगळा काढून ठेवला.

आत दिवा घालवला होता. ओंकार आजोबांच्या गोधडीत घुसून रोजचा हट्ट करत होता.

"आजोबा, गाडी सोडा ना."

"आज नको रे."

"सोडाच! डबल बेल द्या."

"बरं, मग आज तू कंडक्टर. मी पॅसेंजर."

हे नवीनच होतं. ओंकार टुणकन उठून बसला. त्याने जिभेने दोनदा टिक् टिक् केलं, अगदी पंच वाजवल्यासारखं. "कुठे जायचंय?"

"लालबाग."

"चला, दादर टी.टी.! पुढे चला, पुढे चला... चित्रा! कोण आहे चित्रा?... हिंदमाता!"

मोरीजवळ साडीची घडी उलगडून फॉल बघताना वैशालीला हसू आलं. "पाणी बघ रे बाबा हिंदमाताला!" तिने तिथूनच सांगितलं.

"पाणी नाहीये," ओंकार म्हणाला. "परळ टी.टी.! भारतमाता!"

"ओंकार."

"काय?"

"लालबाग आलं की सांग हं मला," बाबा अंधारात म्हणाले. "विसरू नकोस."