ज्युनियर ऑटोमेशन डेव्हलपर पदासाठी अर्ज

देवगड, जि. सिंधुदुर्ग
12 मे 2026

प्रति,
भरती विभाग,
रत्नागिरी कार्यालय

मा. महोदय/महोदया,
स.न.वि.वि.

आपल्या रत्नागिरी कार्यालयातील ज्युनियर ऑटोमेशन डेव्हलपर या जागेसाठी हा अर्ज करत आहे. एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कारभार चालवणारे व्यवसाय हे आपले ग्राहक, असे जाहिरातीत म्हटले आहे. मी तशाच घरातली. आमची हापूसची कलमे आहेत. निम्मा माल वाशीच्या बाजारात दलालाकडे जातो, उरलेल्या पेट्या मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना घरपोच. या घरपोच विक्रीसाठी मी दोन छोट्या स्क्रिप्ट लिहिल्या. 2024 च्या हंगामापासून त्या वापरात आहेत.

पहिली पायथनमध्ये आहे: बँकेत जमा झालेले यूपीआयचे पैसे ऑर्डरींशी जुळवणारी. काम ऐकायला सोपे वाटते. पण ऑर्डर सुनेच्या नावाने येते आणि पैसे सासऱ्यांच्या खात्यातून. शिवाय पाच डझनी पेटीचा भाव सगळ्यांना सारखाच, त्यामुळे एकाच दिवशी तीच रक्कम दहा जणांकडून जमा होते. नाव आणि रक्कम या दोन्हींवर विसंबता येत नाही. म्हणून ऑर्डरच्या फॉर्ममध्ये व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक मागायला सुरुवात केली. स्क्रिप्ट आधी तो क्रमांक शोधते. तो नसेल तर रक्कम आणि तारीख पाहून संभाव्य ऑर्डरी पुढे ठेवते, पण स्वतःहून 'पैसे मिळाले' अशी खूण करत नाही. तो निर्णय बाबांचा. ते एक फोन करतात आणि विषय मिटतो.

त्या 12 अंकांनीही थोडा त्रास दिला. बँकेची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडली तरी तो क्रमांक 5.12346E+11 असा दिसू लागतो, आणि तशीच सेव्ह केली तर शेवटचे अंक गेलेच म्हणायचे. त्यामुळे मूळ फाइल कोणी उघडायची नाही असा घरात नियम आहे. स्क्रिप्ट ती थेट वाचते, प्रत्येक रकाना `dtype=str` देऊन मजकूर म्हणूनच. बँकेचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये कुठेही नाही. स्टेटमेंट बाबा स्वतः उतरवून घेतात. एवढे काम हातानेच राहावे असे माझे मत आहे.

दुसरी स्क्रिप्ट पेट्यांच्या लेबलांची. गूगल शीटमधल्या ऑर्डरी पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांवरून वेगळ्या होतात (400 मुंबईच्या गाडीत, 411 पुण्याच्या) आणि रात्री लेबलांची पीडीएफ काकीच्या मेलवर येते. लेबलावर नाव-पत्त्यासोबत डझन आणि फळ अढीतून कधी काढले ती तारीख असते, कारण 'आंबा कधी खायला घेऊ?' हा फोन प्रत्येक गिऱ्हाईक करतेच. हीसुद्धा पायथनमध्ये लिहिता आली असती. पण मे महिन्यात वादळी पाऊस झाला की आमच्याकडची वीज तासन्‌तास जाते आणि घरचा लॅपटॉप बंद पडतो. अ‍ॅप्स स्क्रिप्ट गूगलच्या यंत्रणेवर ठरल्या वेळी चालते. वीज आली की काकी फोनवरून प्रिंट देते. तिला संगणकातले फारसे कळत नाही, तरी हंगामात तिला मला काही विचारावे लागत नाही. माझ्या लेखी या स्क्रिप्टची खरी परीक्षा तीच.

शिक्षण: मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. आयटी, 2025. पायथन, एसक्यूएल आणि गिट येते. गिट आतापर्यंत एकटीनेच वापरले आहे, दुसऱ्याने कोड तपासून दिल्याचा अनुभव नाही. आपल्याकडे कोड रिव्ह्यू होतो हे जाहिरातीत वाचले, आणि अर्ज करण्याचे ते एक मोठे कारण आहे. मच्छी निर्यातदारांच्या इनव्हॉइसचे आपले काम मला नवीन आहे, पण गाडी सुटायच्या वेळेआधी कागद तयार हवेत ही घाई ओळखीची आहे.

दोन्ही स्क्रिप्टचा कोड, गिऱ्हाइकांची नावे-नंबर काढून आणि नमुन्यादाखल बनावट ऑर्डरी घालून, बायोडाटासोबत जोडला आहे. मुलाखतीत तो चालवूनही दाखवू शकेन. आमचा हंगाम मृगाच्या आत उरकतो, त्यामुळे 15 जूनपासून रुजू होता येईल. मुलाखतीसाठी त्याआधी कधीही रत्नागिरीला येईन. फक्त सकाळी पेट्या भरण्याची वेळ असते, तेव्हा दुपारची वेळ मिळाल्यास बरे.

कळावे,
आपली विश्वासू,
तन्वी

सोबत: बायोडाटा, कोडची झिप फाइल