चार वर्षांनी कोल्हापूर: अंबाबाई, गुऱ्हाळ, पन्हाळा आणि आजीचा पांढरा रस्सा | येतो हं, भाग ७

थंबनेलवरील मजकूर

आधी पाय धुवा, मग कॅमेरा!

वर्णन

नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे राहणारे आमचे चौघांचे कुटुंब डिसेंबर २०२५ मध्ये नाताळच्या सुट्टीत कोल्हापूरला, म्हणजे माझ्या माहेरी, चार वर्षांनी गेले. मंगळवार पेठेतल्या घरापासून सुरू झालेली आठ दिवसांची ही भेट या भागात एकतीस मिनिटांत पाहता येईल. व्हिडिओत अंबाबाईचे मंदिर, रंकाळा, खासबाग मैदान, करवीर तालुक्यातील एक गुऱ्हाळ, पन्हाळगड आणि आमच्या आईचे स्वयंपाकघर आहे. ज्योतिबा, खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि नरसोबाची वाडी या भागात नाही, हे आधीच सांगते. तिथे आम्ही गेलो होतो, पण ते पुढच्या भागात येईल, आणि जे व्हिडिओत नाही त्याचे नाव शीर्षकात घालायचे नाही असा आमचा शिरस्ता आहे.

आमच्या प्रेक्षकांत दोन प्रकारची माणसे आहेत. एक परदेशात राहून कोल्हापूरची आठवण काढणारी, आणि दुसरी कोल्हापुरातच राहून आमचा शब्द न् शब्द तपासणारी. हे वर्णन दोघांसाठी लिहिले आहे. पहिल्यांना उपयोगाची माहिती मिळावी आणि दुसऱ्यांनी चुका दाखवाव्यात.

सुरुवात देवीच्या नावापासूनच करू. रेल्वेने येणारा मुंबईकर महालक्ष्मी एक्स्प्रेसने येतो आणि महालक्ष्मीचे मंदिर विचारतो. आमच्या पेठेत मात्र तिला अंबाबाईच म्हणतात, म्हणून व्हिडिओतही तेच नाव आहे, आणि शोधणाऱ्यांची सोय व्हावी एवढ्यासाठी खाली दुसरे नावही दिले आहे. मूर्ती पश्चिमाभिमुख असल्यामुळे मावळतीची किरणे वर्षातून दोनदा महाद्वारातून आत येत क्रमाने देवीच्या चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत आणि शेवटी मुखापर्यंत पोहोचतात. या किरणोत्सवाचे परंपरेने मानलेले दिवस ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि ९, १० व ११ नोव्हेंबर असे आहेत. डिसेंबरमध्ये गेल्याने आम्हाला तो पाहता आला नाही. परदेशातील शाळांच्या सुट्ट्या या तारखांना सहसा जुळत नाहीत, ही आमची जुनी हळहळ आहे. गाभाऱ्यात आम्ही कॅमेरा नेला नाही. बाहेरचे काळ्या दगडातील कोरीवकाम आणि गरुड मंडपाचे लाकडी खांब तेवढे दाखवले आहेत.

गुऱ्हाळाचा भाग सर्वांत मोठा आहे, आणि तो कापून लहान करण्याची सूचना मी मानली नाही. ऊस चरकात घातल्यापासून गुळाची ढेप साच्यातून निघेपर्यंतचे सगळे काम तिथे सलग चित्रित केले आहे: चुलवाणात वाळलेली चिपाडे सारणारा माणूस, काहिलीत उकळणारा रस, भेंडीच्या चिकट रसाने वर आलेली आणि झाऱ्याने काढून टाकलेली मळी, आणि पाक झाला की नाही हे थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी पाहणारा गुळव्या. घड्याळ किंवा तापमापक त्याच्याजवळ नव्हता. "अजून कच्चा हाय," असे तो तीनदा म्हणाला, आणि चौथ्यांदा काही न बोलता त्याने काहील उतरवण्याची खूण केली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, यांविषयी व्हिडिओत थोडक्यात बोललो आहोत. गुऱ्हाळ पाहायचे असेल तर साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च या काळात या. पावसाळ्यात येणाऱ्यांना थंड चुलवाण पाहून परतावे लागेल.

पन्हाळा शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखान्याची प्रचंड धान्यकोठारे आणि सज्जा कोठी एवढे पाहायला आम्हाला मुलांसह पाच तास लागले. 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळा आहे. माझ्या सात वर्षांच्या मुलाला त्याचे काही विशेष वाटले नाही. त्याला शिवा काशिद यांची गोष्ट पुरली, आणि महाराजांचा वेश घेऊन शत्रूच्या हाती गेलेला तो माणूस पुढे घरी परत आला का, हा त्याचा प्रश्न आम्ही व्हिडिओतून काढलेला नाही.

पांढऱ्या रश्शाची कृती आईने तिच्या पद्धतीने सांगितली आहे, म्हणजे प्रमाण कुठेच नाही. परदेशातील स्वयंपाकघरासाठी एवढे लिहून ठेवते: मटण शिजवून निघालेली आळणी हाच रश्शाचा जीव आहे, तिच्यात खसखस आणि काजूचे वाटण, मिरी, लवंग व वेलदोडा पडतो, लाल तिखट अजिबात नाही, आणि नारळाचे दूध शेवटी मंद आचेवर घालायचे, नाहीतर ते फाटते. डब्यातले नारळाचे दूध चालते का, असे मी विचारल्यावर आईने जो चेहरा केला तो २५:४८ या ठिकाणी पाहा. (चालते. मी आइंडहोवनला तेच वापरते.) माझे यजमान मूळचे नाशिकचे, तांबड्या रश्शाच्या दुसऱ्या वाटीनंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशीचे दूध समोर काढून पेल्यात देतात. मी लहानपणापासून ते पीत आले आहे, तरी मुलांना दिले नाही, कारण न तापवलेल्या दुधाची सवय नसलेल्या पोटाला त्रास होऊ शकतो. आमच्या प्रेक्षकांपैकी कुणी लहान मुले घेऊन जाणार असेल तर एवढी सावधगिरी घ्यावी.

पुण्याहून रस्त्याने कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर आहे. आम्ही मुंबईला उतरून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो. या व्हिडिओसाठी आम्ही कोणाकडूनही पैसे, जेवण किंवा सवलत घेतलेली नाही. चपला आणि गूळ रोख देऊन घेतले. आईच्या इच्छेनुसार घराचा बाहेरचा भाग आणि गल्लीचे नाव दाखवलेले नाही. ओळखीच्यांनीही ते प्रतिक्रियांत लिहू नये, ही विनंती.

प्रकरणे

0:00 दार उघडताच आजीने आधी पाय धुवायला लावले
2:10 पहाटे अंबाबाईच्या मंदिरात
6:25 चप्पल गल्लीत कापशी चपलेचा करकर आवाज
9:02 खासबागेचे रिकामे मैदान आणि शेजारचे जळालेले नाट्यगृह
11:40 गुऱ्हाळ, सुरुवातीपासून ढेपेपर्यंत
19:15 पन्हाळगड आणि धाकट्याचा प्रश्न
24:30 आजीचा पांढरा रस्सा, प्रमाणाशिवाय
28:05 रंकाळ्यावर संध्याकाळ, संध्यामठ आणि भेळ
30:12 येतो हं

हॅशटॅग

#कोल्हापूर #येतोहं #परदेशातीलमराठी

टॅग

कोल्हापूर, कोल्हापुर, कोल्हापूर व्लॉग, करवीर, अंबाबाई मंदिर, महालक्ष्मी मंदिर कोल्हापूर, किरणोत्सव, पन्हाळा किल्ला, पन्हाळगड, कोल्हापुरी गूळ, गुऱ्हाळ, पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, कोल्हापुरी चप्पल, कापशी चप्पल, खासबाग मैदान, रंकाळा, नेदरलँड्समधील मराठी कुटुंब, परदेशातील मराठी, मराठी प्रवास व्लॉग

पिन केलेली कमेंट

एक चूक आमची आम्हीच सांगतो, कोल्हापूरकरांनी सांगण्याआधी. २१:३४ या ठिकाणी बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी उभे राहून यजमान म्हणतात की ती लढाई "इथेच" झाली. ते बरोबर नाही. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून निसटले आणि बाजीप्रभूंनी शत्रूला रोखून धरले ते विशाळगडाच्या वाटेवरील घोडखिंडीत, जिला पुढे पावनखिंड हे नाव पडले. चित्रीकरण पुन्हा करणे शक्य नव्हते, म्हणून त्या ठिकाणी पडद्यावर दुरुस्तीची ओळ दिली आहे.

खासबागेविषयीही दोन वाक्ये. १९१२ मध्ये पूर्ण झालेले हे कुस्तीचे मैदान आम्ही गेलो त्या दिवशी मोकळेच होते, त्यामुळे कुस्ती पाहायला मिळेल या अपेक्षेने तो भाग उघडू नका. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ रोजी आग लागली, आणि ज्या वास्तूत मी शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिले तिच्यासमोर मला काही बोलता आले नाही. तिथली चाळीस सेकंदांची शांतता हा ध्वनीतील बिघाड नाही.

कोल्हापुरात राहणाऱ्यांना एक प्रश्न: तुमच्या घरी पांढऱ्या रश्शात तीळ घालतात का? आमच्या आईचे आणि मावशीचे यावर एकमत नाही. परदेशातील मंडळींनी आपले गाव आणि डब्यातल्या नारळाच्या दुधाबद्दलचे मत लिहावे, आई सगळे वाचते.

प्रथम प्रसारण

रविवार, १८ जानेवारी २०२६. भारतात रात्री साडेआठ, दुबईत सात, नेदरलँड्समध्ये दुपारी चार, लंडनमध्ये तीन आणि न्यू जर्सीत सकाळी दहा वाजता. सिडनीकरांकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतील. त्यांनी उठल्यावर पाहावे, आम्ही त्यांच्या प्रतिक्रियांना दुसऱ्या दिवशी उत्तरे देऊ.

सबटायटल आणि इतर नोंदी

व्हिडिओची भाषा मराठी आहे. मराठी, इंग्रजी आणि डच सबटायटल आम्ही स्वतः लिहिले असून आपोआप तयार होणारे बंद ठेवले आहेत, कारण त्यांनी मागील भागात "काहील"चे "काही" केले होते. गुळव्याचे आणि आईचे बोलणे मराठी सबटायटलमध्ये प्रमाण भाषेत बदललेले नाही. "हाय"ला "आहे" केले तर तो माणूस दुसराच वाटतो. डच सबटायटल थोरलीने तपासले आहेत. "चांगभलं" या शब्दाचे भाषांतर तिने केले नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

स्थळ: कोल्हापूर, महाराष्ट्र. वर्ग: प्रवास. प्लेलिस्ट: येतो हं. सशुल्क जाहिरात: नाही. व्हिडिओत मुले दिसत असली तरी तो खास मुलांसाठी बनवलेला नाही, अशी नोंद केली आहे. शेवटच्या पडद्यावर मागील भाग आणि प्लेलिस्ट एवढेच दुवे आहेत. ते ३०:५० नंतर दिसतील, कारण त्याआधी आई खिडकीतून हात हलवते आहे आणि तिच्यावर चौकट नको.