रविवारची मंडळीची प्रार्थना (आषाढी वारीचा आठवडा, सोलापूर)

पाळक: प्रार्थना करू या. ज्यांना उभं राहणं जड जातं त्यांनी बसूनच राहावं. मी "हे प्रभू" म्हणून थांबलो की सगळ्यांनी म्हणावं, "आमची प्रार्थना ऐक."

देवबापा, आठवडाभराचं सगळं घेऊन आम्ही तुझ्यापुढे आलो आहोत. त्यातलं काही चारचौघांत बोलता येतं, काही येत नाही. तुला दोन्ही ठाऊक आहे.

आज इथं एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. डोक्यावर पाणी पडताच ते मोठ्यानं रडलं आणि आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याबद्दल तुझे उपकार. त्याच्या आईबापांना जागरणात धीर दे. या बाळाला तुझ्या मार्गात वाढवू असं वचन आम्ही मंडळी म्हणून दिलं आहे, ते आमच्याकडून पाळून घे.

दहावी पास झालेल्या लेकरांसाठी तुझे आभार. जी लेकरं नापास झाली, पुरवणी परीक्षेला बसली आहेत आणि लोक विचारतील म्हणून आज चर्चला आली नाहीत, तीही तुझीच आहेत. त्यांच्या घरातल्या मोठ्यांची जीभ आवर. हे प्रभू,

मंडळी: आमची प्रार्थना ऐक.

पाळक: प्रभू येशू, लाजराच्या कबरेपाशी तू रडलास, म्हणून आमचं रडू आम्ही तुझ्यापासून लपवत नाही. गुरुवारी ज्यांना आम्ही माती दिली, त्यांची पत्नी आज एकटी बाकावर बसली आहे. शेजारची जागा रिकामी आहे. त्या माउलीला लवकर सावरायला सांगू नये, एवढं शहाणपण आम्हाला दे. माणसं पांगतात आणि घर शांत होतं, तेव्हा, महिन्याभरानंतरही, आमच्यातल्या कुणाचे तरी पाय तिच्या दाराकडे वळू देत.

जन्माआधीच ज्यांचं बाळ गेलं, त्या आईबापांचं दुःख पुष्कळांना माहीतही नाही. तू ते जाण. दारूपायी घराबाहेर असलेल्या मुलाची वाट पाहत जे दाराला कडी लावत नाहीत, त्यांच्याजवळ बस. आता प्रत्येकानं आपलं दुःख मनातल्या मनात प्रभूला सांगावं.

(एक मिनिट शांतता. पेटी वाजवू नये.)

हे प्रभू,

मंडळी: आमची प्रार्थना ऐक.

पाळक: आजाऱ्यांना बरं कर. डायलिसिससाठी वरचेवर दवाखान्यात जाणाऱ्यांना बळ दे, आणि त्यांना गाडीवर नेणाऱ्या मुलांनाही, कारण त्यांचा तेवढा खाडा होतो. क्षयरोगाच्या गोळ्या घेणाऱ्यांना दोन महिन्यांत बरं वाटू लागतं आणि गोळ्या सुटतात. मग तोच आजार आणखी जोरानं उलटतो. सहा महिने पुरे होईपर्यंत त्यांना नेटानं चालव, आणि त्यांच्या घरी चहा घ्यायला आम्हाला भीती वाटू देऊ नकोस.

आमच्या शहराच्या पोटापाण्यासाठी मागतो. यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणणाऱ्यांना जेवढं विणलं तेवढीच मजुरी मिळते. माग बंद राहिला की चूल अडते. मालकांना ऑर्डर मिळू दे आणि कामगारांचा पगार शनिवारी हातात पडू दे. दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं, पाठ आणि फुप्फुसं सांभाळ. त्यांच्या विड्या मोजताना आणि खराब म्हणून बाजूला काढताना अन्याय होऊ देऊ नकोस. त्यांच्या मुलींच्या हातात सूप येण्याआधी पुस्तक येऊ दे.

उजनी भरू दे. सोयाबीन, उडीद, तूर पेरलेल्यांना वेळेवर पाऊस दे, पण सीनाकाठची शेतं आणि घरं पुरापासून राख. पाण्याच्या पाळीला रात्री जागणाऱ्या बायकांची आणि अवेळी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कामगारांची आठवण ठेव. ज्यांच्या नळाला आधी पाणी येतं, त्यांना शेजाऱ्यासाठी एक घागर बाजूला ठेवायची बुद्धी दे. हे प्रभू,

मंडळी: आमची प्रार्थना ऐक.

पाळक: माळशिरस, वेळापूर, वाखरीच्या वाटेनं पंढरपूरला निघालेले लाखो वारकरी आमचे शेजारी आहेत. म्हाताऱ्यांना उन्हापावसात जप, वाहनांपासून त्यांचं रक्षण कर. वारी पुढे गेल्यावर मागची घाण उचलणाऱ्या सफाई कामगारांना हातमोजे, पुरी मजुरी आणि मान मिळू दे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे आम्ही एकाच गल्लीत राहतो. अफवा आली की ती पुढे न पाठवण्याचा संयम आम्हाला दे. महापालिकेत आणि पोलीस ठाण्यात बसलेल्यांना गरिबाचं आधी ऐकायला लाव. जिथं लढाई चालू आहे तिथल्या लेकरांवर तुझी सावली धर.

या आठवड्यात आम्ही ज्यांना टाकून बोललो, ज्यांची मजुरी लांबवली, ज्यांचा फोन मुद्दाम उचलला नाही, त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागायचं धैर्य दे, आणि तूही आम्हाला क्षमा कर. हे सगळं प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावानं मागतो. त्यानंच शिकवलेली प्रार्थना आता एकत्र म्हणू.

सर्व: हे आमच्या स्वर्गातील पित्या…